चौकटीचे सोने, चौकटीचे वय

युरोपातील जुन्या चित्रांभोवती दिसणारी सोनेरी चौकट सोन्याची नसते, हे सगळ्यांना माहीत असते. त्या चौकटीत सोने किती असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. कारागीर वापरतात तो सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. मध्यम आकाराच्या चौकटीला साधारण आठ सेंटिमीटर चौरसाची शंभर पाने लागली, तरी सगळे मिळून सोने एक-दीड ग्रॅमच भरते. चौकटीचा खरा देह लाकडाचा असतो. त्यावर खडू आणि सरस यांचा पांढरा लेप असतो, लेपावर रंगीत मातीचा पातळ थर असतो आणि सोने त्या सगळ्यावर पापुद्र्यासारखे बसलेले असते. म्हणून सोने खरे की नुसता सोनेरी रंग, हा प्रश्न फक्त वरच्या पापुद्र्याविषयीचा ठरतो. चौकट किती जुनी, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. लाकडाचे वय, नक्षीचे वय आणि सोन्याचे वय पुष्कळदा तीन निरनिराळ्या काळांत पडते. आत बसवलेल्या चित्राचे वय आणखी चौथेच असू शकते, कारण चित्रे जितक्या वेळा हात बदलतात, जवळपास तितक्या वेळा त्यांच्या चौकटीही बदलल्या जातात.

लाकडावरच्या पांढऱ्या लेपाला जेसो म्हणतात. इटलीत तो जिप्समपासून, म्हणजे चिरोडीपासून करत. फ्रान्स, इंग्लंड आणि उत्तर युरोपात त्यासाठी खडूची भुकटी घेत. भुकटीला बांधणारा पदार्थ दोन्हीकडे एकच, जनावरांच्या कातड्यापासून काढलेला सरस. सशाच्या कातड्याचा सरस त्यासाठी खास पसंत केला जाई. साधारण एक भाग सरस दहा भाग पाण्यात रात्रभर फुगवून कोमट करतात. तो उकळू दिला तर त्याची चिकटण्याची ताकद जाते. या पाण्यात खडूची वस्त्रगाळ भुकटी हलक्या हाताने सोडायची. जोराने ढवळले तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि वाळलेल्या लेपावर टाचणीने टोचल्यासारखी भोके उरतात. आधी लाकडाला नुसते सरसाचे पाणी पाजले जाते, मग लेपाचे सहा ते बारा हात दिले जातात. यात एक नियम मोडून चालत नाही. वरच्या थरात खालच्यापेक्षा जास्त सरस असता कामा नये. तसे झाले तर वरचा थर वाळताना आखडतो, खालच्या कमजोर थराला ओढतो आणि काही वर्षांनी लेप खपल्यांनी सुटू लागतो.

बारा हातांच्या लेपाखाली कोरीवकामाच्या धारा बुजतात. म्हणून लेप वाळल्यावर नक्षी पुन्हा कोरावी लागते. १८व्या शतकातील पॅरिसमध्ये हे वेगळ्या कारागिराचे काम होते. लाकूड कोरणारा एक आणि लेप कोरणारा दुसरा. पानांच्या शिरा, शिंपल्यांच्या रेघा, पार्श्वभूमीवरची चौकड्यांची बारीक जाळी हे सगळे लाकडात नसून लेपात कोरलेले असे. त्या काळच्या चांगल्या फ्रेंच चौकटीवर ही जाळी इतकी तीक्ष्ण असते की बोटाला खरखर जाणवते. पुढे वयाचा विचार करताना ही खरखर उपयोगी पडते.

लेप गुळगुळीत झाला की त्यावर बोल नावाच्या अतिशय तलम चिकणमातीचे तीन-चार हात सरसाच्या पाण्यातून देतात. ही माती पिवळी, लाल किंवा काळसर असते. पुष्कळ कारागीर आधी सगळीकडे पिवळा हात देत आणि उठावाच्या भागांवर लाल. खोलगट जागी वर्ख नीट पोचत नाही, तो तिथे फाटतो. खाली पिवळी माती असेल तर ती फट डोळ्यांना दिसत नाही. उठावावर लाल माती असली की सोन्याला ऊब येते. जुन्या चौकटीत खाचा पिवळ्या आणि उंच भाग लालसर का दिसतात, त्याचे कारण असे पूर्ण व्यवहारी आहे.

मग येते ते वॉटर गिल्डिंग, म्हणजे पाण्यावर वर्ख बसवण्याचे काम. वर्खाचे पान कातड्याच्या गादीवर पसरून सुरीने कापतात. ते हाताने उचलता येत नाही, फुंकरीनेसुद्धा उडते. त्यासाठी खारीच्या केसांची चपटी, रुंद कूची वापरतात. कारागीर ती आधी स्वतःच्या गालावर फिरवतो आणि गालाच्या किंचित तेलकटपणाला वर्ख चिकटून वर येतो. मातीच्या थरावर पाणी फिरवतात. त्यात थोडी स्पिरिट आणि सरसाचा अंश असतो. पाणी ओले असतानाच वर्ख जवळ नेला की तो पृष्ठभागावर ओढला जातो आणि पाणी शोषले जाताच मातीतला सरस त्याला धरून ठेवतो. प्रत्येक पान शेजारच्या पानावर तीन-चार मिलिमीटर चढवतात. दोन-तीन तासांनी, माती पुरती कोरडी होण्याआधी, कुत्र्याच्या सुळ्याच्या आकाराच्या अकीकाने सोने घोटतात. घोटाई लवकर केली तर वर्ख फाटतो, उशिरा केली तर झिलई चढत नाही. नेमकी वेळ आवाजावरून कळते. दगडाने हलकेच टकटक केल्यावर बद्द आवाज आला तर थांबायचे, टणक आवाज आला तर घोटायचे. सन १४००च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने कारागिरीवर लिहिलेल्या ग्रंथात ही कृती जवळजवळ अशीच सांगितली आहे. वर्ख करणारे एका डुकाट नाण्यातून एकशे पंचेचाळीस पाने काढतात, पण सपाट कामासाठी शंभरच काढावीत, असा त्याचा सल्ला आहे. म्हणजे पातळ वर्खाची तक्रार सहाशे वर्षांची जुनी आहे.

या पद्धतीची खूण अशी की घोटलेला भाग आरशासारखा चमकतो. खाली दगडासारखा गुळगुळीत लेप असतो आणि अकीकाच्या दाबाने सोने त्याच्याशी एकजीव होते, म्हणून ही चमक येते. दुसऱ्या कोणत्याही सोनेरी कामाला ती येत नाही. कारागीर सगळी चौकट घोटतही नाहीत. उठाव घोटायचे आणि पार्श्वभूमी मंद ठेवायची, म्हणजे एकाच सोन्यातून उजेड आणि सावली मिळते. गोव्यातील जुन्या चर्चमधल्या सोनेरी लाकडी वेद्याही पोर्तुगीज परंपरेतल्या अशाच वर्खकामाच्या आहेत. तंजावरला मराठा राजांच्या काळात बहरलेल्या चित्रशैलीत दागिने आणि कमानी खडूच्या लगद्याने उचलून त्यावर सोन्याचा पत्रा चढवतात. तिथली माती, पत्रा आणि पद्धत वेगळी असली, तरी सोन्याला लाकडाखेरीज एक मऊ पांढरा आधार लागतो, हा विचार समान आहे.

वॉटर गिल्डिंगखेरीज चौकटीवर सोनेरी दिसणाऱ्या आणखी तीन-चार गोष्टी असतात. त्यांची नीट ओळख करून घेतल्याशिवाय पारख होत नाही, कारण खोटेपणा नेहमी गल्लत करूनच येतो. पहिली गोष्ट ऑइल गिल्डिंग. यात जवसाच्या तेलावर आधारलेला चिकट लेप लावून, तो जेमतेम चिकट उरला की वर्ख बसवतात. सोने खरेच असते, पण खालचा थर मऊ असल्याने ते घोटता येत नाही. त्याची झळाळी एकसारखी, मंद राहते. काम सोपे पडते आणि पाऊस-दमटपणा ते अधिक सोसते, म्हणून इमारतींवर, पाट्यांवर आणि १९व्या शतकातल्या स्वस्त नक्षीवर हीच पद्धत चाले. दुसरी गोष्ट चांदीचा वर्ख, वर पिवळसर वार्निश दिलेला. इटली आणि स्पेनमध्ये ही युक्ती जुनी आहे. झिजलेल्या जागी वार्निश गेले की खालून राखाडी चांदी दिसते किंवा ती काळी पडलेली असते. तिसरी गोष्ट पितळेचा वर्ख. तो सोन्याच्या वर्खापेक्षा जाड आणि पानेही मोठी असतात. वार्निशाचे पांघरूण गेले की त्यावर तपकिरी डाग येतात.

चौथी गोष्ट सोनेरी रंग, आणि जुन्या चौकटींचे सर्वांत मोठे दुखणे हेच आहे. त्यात सोने नसते. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूची बारीक चपटी पूड वार्निशात कालवलेली असते. बाजारात तिला ब्रॉन्झ पावडर म्हणतात, प्रत्यक्षात ती पितळ. ही पूड पूर्वी जर्मनीत हातांनी कुटून केली जाई आणि महाग पडे. इंग्लंडच्या हेन्री बेसेमरने १८४०च्या दशकात ती यंत्राने स्वस्तात करण्याची युक्ती काढली, यंत्रे अनेक वर्षे गुप्त ठेवली आणि त्यातून मिळालेल्या पैशावर पुढे पोलाद बनवण्याचे प्रयोग केले. पोलादाच्या इतिहासात बेसेमरचे नाव मोठे आहे. चौकटींच्या जगात मात्र त्याने जे सुरू केले त्याचा त्रास अजून निस्तरावा लागतो. यंत्राची पूड आल्यावर सोनेरी रंगाची बाटली कुणालाही परवडू लागली, आणि चौकट जरा काळवंडली की तिच्यावर एक हात मारून टाकायची पद्धत पडली. अलीकडच्या रंगांत पितळेऐवजी अभ्रकाच्या कणांवर आयर्न ऑक्साइडचा थर दिलेली रंगद्रव्ये असतात. ती काळी पडत नाहीत, पण वर्खासारखी चमकतही नाहीत.

पारख नुसत्या डोळ्यांनी सुरू करावी. चौकट खिडकीच्या कडेला धरून हळूहळू फिरवली की वर्खाचा पृष्ठभाग एका सलग पत्र्यासारखा उजळतो आणि अंधारतो. घोटलेले उठाव एकदम झळकतात, शेजारच्या खाचा मंद राहतात. रंगाचा पृष्ठभाग कुठूनही पाहिला तरी सारखाच चमचमतो, जणू बारीक वाळू उन्हात आहे. दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली हा फरक अगदी उघड होतो. वर्खात कण नसतात, सुरकुत्या आणि फाटलेल्या कडा असतात. रंगात वार्निशात तरंगणाऱ्या चपट्या चकत्या वेगवेगळ्या दिसतात. रंग द्रव असल्याने तो खाचांत साचतो, शिंपल्याच्या रेघा भरून टाकतो आणि धारदार कोपरे गोल करतो. कूचीच्या रेघा आणि ओघळ मागच्या काठावर हमखास सापडतात. तिथे कुणी पाहणार नाही, असे रंगवणाऱ्याला वाटलेले असते.

पानांच्या जोडांच्या रेषा हा दुसरा पुरावा. चौकटीच्या सपाट पट्टीवर दोन पाने एकमेकांवर चढतात तिथे सोन्याचे दोन पदर होतात. इतर भाग झिजला तरी तो पट्टा अधिक पिवळा, अधिक शाबूत उरतो. साधारण सात-आठ सेंटिमीटरच्या अंतराने आडव्या पुसट रेषा दिसल्या तर तिथे वर्ख आहे असे समजायला हरकत नाही. पण या रेषांवरून वय ठरवता येत नाही. आजचा कारागीरही पाने चढवतोच, आणि जुने दिसावे म्हणून काही जण मुद्दाम जास्त चढवून रेषा ठळक करतात. मोजून-मापून सारख्या अंतरावर, चारी बाजूंना एकाच रुंदीच्या रेषा दिसल्या तर शंका घ्यावी.

तिसरा पुरावा झिजेचा, आणि फसवाफसवी सर्वांत जास्त याच ठिकाणी होते. वॉटर गिल्डिंग झिजते ते क्रमाने. आधी सोने विरळ होते आणि खालची लाल माती दिसते, पुढे मातीही जाऊन पांढरा लेप दिसतो, फार घासलेल्या टोकावर लाकूड उघडे पडते. झीज होते ती हात आणि फडके पोहोचते तिथे, म्हणजे खालच्या पट्टीच्या वरच्या कडेवर, कोपऱ्यांच्या टोकांवर, चौकट उचलताना बोटे पडतात त्या बाजूंवर. वरच्या पट्टीच्या माथ्यावर शंभर वर्षांची धूळ चिकटलेली असते आणि त्याच पट्टीचा खालचा भाग जवळजवळ नवा असतो. नकली झीज सगळीकडे सारखी असते. ज्या खोलगट जागी बोट शिरत नाही तिथेही लाल माती दिसली, किंवा चारही बाजूंना लाल रंग एकाच प्रमाणात चमकला, तर ती स्टील-वूलने घासून आणलेली आहे. लाल रंग हा खऱ्या सोन्याचा पुरावा नाहीच. पितळी रंगाखालीही लाल रंगाचा हात देण्याची युक्ती सर्रास चालते. तिथे लाल थर तेलकट, जाड आणि चकचकीत असतो, तर खरी माती खडूसारखी कोरडी आणि रेशमी दिसते.

पितळेचा एक गुण पारखणाऱ्याच्या कामी येतो. सोने काळे पडत नाही, पितळ पडते. सोनेरी रंगाची चौकट काही वर्षांत तपकिरी, मातकट दिसू लागते. ओल लागलेल्या जागी आणि खिळ्यांच्या भोवती हिरवट छटा येते. काळवंडलेल्या रंगाशेजारी एखाद्या खाचेत अजून उजळ पिवळा ठिपका दिसला, तर बहुधा रंगाखाली जुने सोने आहे. अशा चौकटीला खोटी म्हणणे चूक. ती खरी असून झाकलेली आहे.

रसायनांच्या चाचण्या घरी करू नयेत. वॉटर गिल्डिंगमधला प्रत्येक थर सरसाने बांधलेला असतो आणि सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल्या बोळ्याने चोळले की दोनशे वर्षांचे सोने बोळ्यावर येते. दिवाळीच्या साफसफाईत ओल्या फडक्याने पुसल्या गेलेल्या चौकटींचे उठाव असेच पांढरे पडतात. नायट्रिक अॅसिडचा थेंब पितळावर हिरवा होतो हे खरे, पण खाली जेसो असेल तर तो आम्लात फसफसतो आणि भोक कायमचे राहते. संग्रहालयांत हे काम क्ष-किरण फ्लुओरेसन्सच्या हातात धरता येणाऱ्या यंत्राने होते. चौकटीला स्पर्श न करता ते सोने, चांदी, तांबे, जस्त यांची नोंद देते. त्याचीही एक मर्यादा आहे. किरण खालच्या थरांतही पोहोचतात, त्यामुळे तांबे, जस्त आणि सोने तिन्ही दिसले तर कोणता थर वर आहे हे यंत्र सांगत नाही. ते भिंगानेच पाहावे लागते, किंवा सुटलेल्या खपलीचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. छेदात दोन-तीन वेळा जेसो, माती आणि सोने यांची उतरंड दिसली, तर चौकट तितक्या वेळा नव्याने मढवली गेली.

सोने खरे ठरले तरी चौकट जुनी ठरत नाही. वयासाठी चौकट भिंतीवरून काढून उलटी करावी लागते. दर्शनी बाजू कितीदा तरी रंगवली, घासली, मढवली गेलेली असते. पाठीकडे मात्र कुणाला काही करावेसे वाटत नाही, म्हणून ती अधिक विश्वासाची.

आधी लाकूड. १७व्या आणि १८व्या शतकातल्या चांगल्या फ्रेंच चौकटी बहुतेक ओकच्या, इटालियन चौकटी पुष्कळदा पॉप्लरच्या, इंग्लिश चौकटी पाइनच्या. लाकूड काळाबरोबर वरून तपकिरी होते, पण ते एकसारखे नसते. धूळ बसणारा भाग गडद, चित्राची पट्टी झाकते तो भाग फिका. डाग देऊन जुने केलेले लाकूड सगळीकडे एकाच छटेचे असते, खाचेच्या आतल्या कोपऱ्यातही, जिथे हवा आणि धूळ जाण्याचे कारण नव्हते. करवतीच्या खुणा पाहाव्यात. हाताने ओढलेल्या करवतीच्या खुणा सरळ आणि किंचित वाकड्यातिकड्या असतात. १९व्या शतकात यांत्रिक गोल करवत रूढ झाली आणि तिने लाकडावर एकसारख्या कमानदार रेघा उठतात. कोरीव म्हणवणाऱ्या १८व्या शतकातल्या चौकटीच्या पाठीवर अशा कमानी दिसल्या, तर ते लाकूड तरी त्या शतकातले नाही.

खिळेही बोलके असतात. लोहाराने हाताने घडवलेला खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता आणि डोक्याला वेडावाकडा असतो. १९व्या शतकात पत्र्यातून यंत्राने कापलेले चपटे खिळे आले. शतकाच्या उत्तरार्धात गोल तारेचे खिळे आले, तेच आजही वापरले जातात. पण खिळा नंतरही ठोकलेला असू शकतो. त्यामुळे जुन्या खिळ्याने वय सिद्ध होत नाही, आणि नव्या खिळ्याने फक्त एवढे कळते की तेव्हा कुणीतरी हात लावला होता. किड्यांच्या भोकांचेही तसेच आहे. भुंगेऱ्याचे बाहेर पडण्याचे भोक एक-दोन मिलिमीटरचे गोल असते आणि बोगदा लाकडाच्या आत असतो. पाठीवर बोगदे उभे चिरल्यासारखे उघडे पडलेले दिसले, तर कुणीतरी किडका जुना वासा कापून त्याची नवी चौकट केलेली आहे. हे वय वाढवण्याचे आवडते तंत्र आहे.

कोपरे पाहिल्याशिवाय चौकटीविषयी मत देऊ नये. चौकटीचे ४५ अंशांचे सांधे काळाबरोबर आतल्या टोकाशी उघडतात. लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही, रुंदीत आखडते. पट्टी अरुंद झाली की तिरक्या कापाचा कोन बदलतो, बाहेरचे टोक जुळलेले राहते आणि आतले सुटते. जुन्या चौकटीत ही बारीक पाचर सोन्याला आणि लेपाला चिरून गेलेली दिसते. सांध्यावरून लेप सलग, अखंड गेला असेल तर एकतर लाकूड अजून आखडलेले नाही किंवा सांधा नंतर भरला आहे. १८व्या शतकातल्या फ्रेंच चौकटीच्या मागे सांध्याला आडव्या लाकडी पाचरी बसवलेल्या असत. पुढे १९व्या शतकात खिळे आणि सरस पुरेसे मानले गेले.

आता नक्षी. १८व्या शतकाच्या अखेरीपासून, आणि १९व्यात सर्रास, लाकूड कोरण्याऐवजी साच्याची नक्षी आली. खडू, सरस, जवसाचे तेल आणि राळ यांचा गरम लगदा उलट्या कोरलेल्या लाकडी साच्यात दाबायचा, मऊ असतानाच काढून चौकटीवर चिकटवायचा. इंग्रजीत याला कॉम्पोझिशन म्हणतात, कारागिरांच्या तोंडी नुसते कॉम्पो. एक साचा कोरायला महिना लागला तरी त्यातून हजार शिंपले निघतात, त्यामुळे कोरीवकाम करणाऱ्यांचा धंदा बुडाला. कॉम्पो ओळखायला दोन खुणा पुरतात. ते वाळून आखडते, म्हणून लांब नक्षीवर ठरावीक अंतराने आडवे तडे जातात आणि तुटलेल्या कडेला गडद तपकिरी, कडक, चॉकलेटसारखा भाग दिसतो. कोरीव लाकूड तुटले तर तंतू दिसतात. दुसरी खूण अधिक पक्की. हाताने कोरलेले चार कोपरे कधीच तंतोतंत सारखे नसतात. साच्यातले असतात. एका शिंपल्याच्या तिसऱ्या पाकळीवर बारीक खोक दिसली, आणि ती उरलेल्या तिन्ही शिंपल्यांच्या तिसऱ्या पाकळीवरही असली, तर ती खोक साच्यातली आहे. नक्षी १८व्या शतकाच्या शैलीत असो वा १७व्या, ती चौकट १८व्या शतकाच्या अखेरीआधीची नाही.

इंग्लिश चौकटींत पाठीवरची कारखानदाराची चिठ्ठी ही मोठी मदत असते. दुकाने पत्ते बदलत आणि चिठ्ठ्या पुन्हा छापत, म्हणून पत्त्यावरून काही वर्षांच्या अंतरापर्यंत काळ ठरवता येतो. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने ब्रिटिश चौकट-कारागिरांची जी सूची सार्वजनिक केली आहे, ती याच कामासाठी. चिठ्ठी चौकटीला चिकटलेली आहे की चित्राच्या पाठीवरच्या पुठ्ठ्याला, हे मात्र आधी पाहावे. पुठ्ठा हलतो.

हे सगळे एकत्र कसे वाचायचे, ते एका नमुन्यावरून पाहू. चौकट साठ-सत्तर सेंटिमीटरची, कोपऱ्यांत आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर शिंपले, कडा लाटेसारख्या वळलेल्या. विकणारा तिला पंधराव्या लुईच्या काळातली म्हणतो, म्हणजे १७१५ ते १७७४मधली. रंग काळपट सोनेरी, मधूनमधून लाल झलक. भिंगातून पाहिले तर वरचा थर चकत्यांचा आहे, खाचांत साचलेला आहे आणि शिंपल्यांच्या रेघा त्याने भरल्या आहेत. म्हणजे सोनेरी रंग. इतक्यावर कुणी चौकट नाकारेल, पण रंग वरचा थर आहे, शेवटची घटना आहे.

पुढे शिंपले. वरच्या डाव्या शिंपल्याच्या दुसऱ्या पाकळीची टोकाकडची कड तुटकी आहे, तशीच खालच्या डाव्याचीही. मधल्या नक्षीवर आडवे तडे दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतराने आहेत. नक्षी कॉम्पोची आहे, म्हणून पंधरावा लुई इथेच बाद होतो. चौकट उलटली की पाठीवर पाइन आणि गोल करवतीच्या कमानी आहेत. म्हणजे १९व्या शतकातली, बहुधा उत्तरार्धातली, जुन्या फ्रेंच शैलीची साच्याची नक्कल. त्या काळी असल्या चौकटी हजारोंनी तयार होत आणि त्यात लपवालपवी नव्हती, ती फॅशनच होती. फसवणूक नंतरच्या विक्रीत येते.

तरीही एक प्रश्न राहतो. उजवे दोन शिंपले डाव्यांपेक्षा अरुंद का? टेप लावली तर वरच्या पट्टीवर मधला शिंपला डाव्या कोपऱ्यापासून जितका दूर आहे, उजव्यापासून त्याहून पाच सेंटिमीटर जवळ आहे. खालच्या पट्टीवरही तेच. मागे डाव्या सांध्यांत चपटे कापीव खिळे आहेत, उजव्यांत गोल तारेचे. उजव्या सांध्यांच्या लाकडाची कापलेली तोंडे फिकी आहेत. चित्र साडेसात की पाच सेंटिमीटर लहान होते कुणास ठाऊक, पण कुणीतरी वरची आणि खालची पट्टी उजव्या टोकाला कापून चौकट अरुंद केली. कापात शिंपल्यांचे अर्धे अंग गेले, ते प्लॅस्टरने भरले, आणि पांढरे प्लॅस्टर लपवायला सगळ्या चौकटीवर सोनेरी रंग मारला. तारेच्या खिळ्यांमुळे ही गोष्ट १९व्या शतकाच्या उत्तरार्धानंतरची ठरते. रंगाचा थर उजव्या कोपऱ्यांवर जाड आणि बाकी ठिकाणी पातळ आहे, हे त्याच्याशी जुळते.

रंगाखाली काय आहे, हे शेवटी पाहिले जाते, आणि ते संवर्धकाने पाहायचे असते. तो डाव्या बाजूला, मागच्या कडेजवळ, नखाएवढ्या जागेवर सौम्य विद्रावकाने रंगाचे वार्निश मऊ करून उचलतो. कॉम्पोच्या नक्षीवर खाली मंद झळाळीचे सोने येते, म्हणजे ऑइल गिल्डिंग. चित्राला लागून असलेल्या सपाट पट्टीवर दुसरी खिडकी उघडली तर तिथे लाल मातीवर घोटलेले, आरशासारखे सोने आहे. १९व्या शतकातली ही नेहमीची वाटणी, नक्षीला तेल आणि सपाट पट्टीला पाणी. सोने खरे आहे, मूळचे आहे आणि चौकटीइतकेच जुने आहे. विद्रावक तेलाच्या चिकट थरापर्यंत जाऊ न देता रंग उतरवणे हे हळू, बोटभर-बोटभर चालणारे काम आहे, आणि सपाट पट्टीवर पाण्याचा अंशही चालत नाही. उजव्या कोपऱ्यांत रंगाखाली सोने नाहीच, फक्त प्लॅस्टर आहे. तिथला रंग उतरवून काही हाती लागणार नाही, म्हणून तो भाग तसाच ठेवतात, किंवा नव्याने साचा घेऊन शिंपले पुरे करतात आणि त्यावर चढवलेल्या वर्खाची नोंद चौकटीच्या पाठीवर लिहून ठेवतात.